लिमिटेड रिव्ह्यू : तिमाही निकालांमागे नेमकी किती तपासणी असते?

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आला की शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर सप्टेंबर तिमाहीच्या निकालांची रीघ लागते. प्रत्येक निकालाला सनदी लेखापालाच्या सहीचे एक-दोन पानी पत्र जोडलेले असते. बहुतेक गुंतवणूकदार ते उघडतच नाहीत. जे उघडतात त्यांच्यापैकी अनेकांना सही आणि शिक्का पाहून वाटते की आकडे ऑडिट झालेले आहेत. प्रत्यक्षात त्या पत्रातच स्पष्ट लिहिलेले असते की हे ऑडिट नाही, आणि म्हणून लेखापरीक्षक ऑडिटचे मत देत नाही. या दोन कामांत फरक किती आहे, तो कुठे आहे आणि त्याचा वाचणाऱ्यावर काय परिणाम होतो, याचा हा आढावा.

दोन कामे, दोन प्रकारची वाक्ये

फरक समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही अहवालांतले मताचे किंवा निष्कर्षाचे वाक्य वाचणे. ऑडिटच्या अहवालात लेखापरीक्षक होकारार्थी बोलतो. आमच्या मते ही पत्रके कंपनीच्या स्थितीचे खरे आणि वाजवी चित्र दाखवतात, असे तो लिहितो. लिमिटेड रिव्ह्यूच्या अहवालात तो नकारार्थी बोलतो. या निकालांत लक्षणीय चूक आहे असे वाटायला लावणारे काहीही आमच्या लक्षात आलेले नाही, एवढेच तो म्हणतो.

पहिल्या वाक्यामागे पुरावा गोळा करून बनवलेले मत असते. दुसऱ्यामागे ठरावीक प्रश्न विचारून आणि आकड्यांची तुलना करून निघालेला निष्कर्ष असतो. ऑडिट देते ती खात्री शंभर टक्के नसली तरी वरच्या पातळीची असते, आणि तिला वाजवी खात्री म्हणतात. रिव्ह्यूची खात्री जाणीवपूर्वक खालच्या पातळीवर ठेवलेली असते, म्हणून ती मर्यादित.

‘लक्षात आलेले नाही’ या शब्दांचे वजन लेखापरीक्षकाने कुठे आणि किती पाहिले यावर ठरते. ऑडिटमध्ये तो बँकेकडून शिल्लक रकमेचा दाखला थेट स्वतःकडे मागवतो, निवडक ग्राहकांना पत्र लिहून त्यांच्याकडची बाकी विचारतो, ३१ मार्चच्या आसपास गोदामात उभा राहून मालाची मोजणी पाहतो, बिले, चलने आणि करार उघडून नोंदी तपासतो. कंपनीची अंतर्गत नियंत्रणे चालतात की नाही याचीही चाचणी घेतो. रिव्ह्यूमध्ये यातले सहसा काहीच करायचे नसते. तिथे दोनच मुख्य साधने असतात. एक म्हणजे हिशेब आणि वित्त सांभाळणाऱ्या माणसांना विचारपूस, आणि दुसरे म्हणजे आकड्यांचे विश्लेषण.

या कामासाठी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाची दोन मानके आहेत. एखाद्या खासगी कंपनीला बँकेसाठी किंवा नव्या भागीदारासाठी आपल्या पत्रकांचा रिव्ह्यू करून हवा असेल आणि काम करणारा सीए त्या कंपनीचा लेखापरीक्षक नसेल, तर एसआरई २४०० लागू होते. कंपनीचा स्वतःचा लेखापरीक्षक वर्षाच्या मधल्या काळातले निकाल पाहत असेल, तर एसआरई २४१०. नोंदणीकृत कंपन्यांचे तिमाही निकाल दुसऱ्या मानकाखाली येतात.

हा भेद वरवर तांत्रिक वाटतो, पण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. एसआरई २४१० हे गृहीत धरते की रिव्ह्यू करणारा माणूस त्या घरात नवखा नाही. मागच्या मार्चमध्ये त्याने पूर्ण ऑडिट केलेले आहे. कोणत्या गोदामात जुना माल पडून असतो, कोणत्या ग्राहकाचे पैसे अडकतात, कोणत्या अंदाजांवर व्यवस्थापनाशी वाद झाला होता, हे त्याला माहीत असते. त्या जाणकारीशिवाय विचारलेले प्रश्न पोकळ ठरतात. म्हणजे लिमिटेड रिव्ह्यू वार्षिक ऑडिटच्या खांद्यावर उभा असतो. त्याला छोटे ऑडिट समजणे चूक आहे.

पंचेचाळीस दिवसांचे वेळापत्रक

सेबीचे नोंदणी व प्रकटीकरणविषयक नियम १ डिसेंबर २०१५ पासून लागू झाले. त्यांतला ३३ वा नियम सांगतो की पहिल्या तीन तिमाहींचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत जाहीर झाले पाहिजेत, आणि संपूर्ण वर्षाचे ऑडिट झालेले निकाल ६० दिवसांत. तिमाही निकाल ऑडिट करून देण्याची मुभा कंपनीला आहे. ऑडिट केले नसेल तर लिमिटेड रिव्ह्यू मात्र सक्तीचा आहे.

सप्टेंबर तिमाहीसाठी ४५ वा दिवस १४ नोव्हेंबरला येतो. हातातला वेळ दिसतो त्याहून खूप कमी असतो. महिनाअखेरच्या नोंदी, शाखांचे हिशेब, उपकंपन्यांचे आकडे हे सगळे जुळवून ट्रायल बॅलन्स तयार होईपर्यंत ऑक्टोबरचा मध्य उलटतो. पुढे ऑडिट समिती आणि संचालक मंडळाच्या बैठका ठरलेल्या असतात. मधल्या खिडकीत लेखापरीक्षकाच्या चमूला जेमतेम आठवडा, मोठ्या कंपनीत थोडा जास्त वेळ मिळतो. या अवधीत मालाची मोजणी आणि बाकीची पत्रे बसवणे शक्य नाही, आणि मानकाची तशी अपेक्षाही नाही.

या आठवड्यात होते ते असे. चमू प्रथम मागच्या ऑडिटची आणि मागच्या तिमाहीची कागदपत्रे चाळतो आणि न सुटलेले मुद्दे बाहेर काढतो. संचालक मंडळाच्या आणि समित्यांच्या सभांची इतिवृत्ते वाचतो, कारण नवा करार, दावा किंवा एखादा विभाग विकण्याचा निर्णय तिथे आधी उमटतो. निकालाच्या तक्त्यातले आकडे हिशेबाच्या वह्यांशी जुळतात का ते पाहतो. मग वित्त प्रमुखासमोर प्रश्नांची यादी येते. हिशेबाच्या धोरणात बदल झाला का, तिमाहीच्या अखेरच्या दिवसांत काही वेगळे व्यवहार झाले का, संबंधित पक्षांशी काय देवाणघेवाण झाली, बँकेच्या कर्जाच्या अटी मोडल्या का, ३० सप्टेंबरनंतर काही घडले का. सोबत आकड्यांचे विश्लेषण चालू असते. शेवटी व्यवस्थापनाकडून लेखी निवेदन घेतले जाते.

एका कंपनीचा आठवडा

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. सप्टेंबर तिमाहीत विक्री १२० कोटी रुपये आणि करपूर्व नफा ९.६ कोटी. जूनअखेर ३१ कोटींचा असलेला मालसाठा सप्टेंबरअखेर ३८ कोटींवर गेला आहे.

विश्लेषणात सर्वांत आधी डोळ्यांत भरते ते मालखर्चाचे प्रमाण. साठ्यातला बदल धरून ते गेल्या पाच तिमाहींत विक्रीच्या ६२ टक्क्यांच्या आसपास होते. या वेळी ते ५९ टक्के आहे. तीन टक्क्यांचा फरक छोटा वाटतो, पण १२० कोटींवर तो ३.६ कोटी होतो, म्हणजे करपूर्व नफ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. तेव्हा या फरकाचे कारण विचारावेच लागते.

वित्त प्रमुख सांगतात की पोलाद स्वस्त झाले. हे उत्तर पटण्याजोगे आहे, पण ऐकून पुढे जाणारा रिव्ह्यू कामाचा नाही. चमू खरेदीच्या नोंदीतून पोलादाचा सरासरी दर काढतो. तो सुमारे २ टक्क्यांनी उतरलेला दिसतो. मालखर्च ६२ टक्के असताना दर २ टक्क्यांनी उतरला, तर विक्रीच्या सुमारे सव्वा टक्क्याची बचत होते, म्हणजे जवळपास दीड कोटी. ३.६ मधून दीड कोटी गेले तरी २.१ कोटी उरतात, आणि त्यांचे स्पष्टीकरण मिळालेले नाही.

दुसऱ्या फेरीत प्रश्न मालसाठ्याकडे वळतो. साठा ७ कोटींनी का वाढला, आणि त्याचे मूल्य कसे लावले? कॉस्टिंग विभागाकडून कळते की तयार मालाचा प्रमाणित खर्च जुलैमध्ये बदलला. वर्षाच्या अंदाजपत्रकात धरलेली वेतनवाढ आणि विजेचा वाढीव दर त्यात मिसळले गेले, पण तिमाहीचा प्रत्यक्ष खर्च त्या प्रमाणात वाढलेला नव्हता. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला हा फरक साठ्यातून काढून टाकायला हवा होता. तो काढला गेला नाही. त्यामुळे साठ्याचे मूल्य १.८ कोटींनी फुगले आणि तितकाच नफाही. २.१ कोटींपैकी १.८ कोटींचे कारण सापडले. उरलेल्या ३० लाखांची रक्कम एवढी लहान आहे की तिच्यामुळे वाचणाऱ्याचा निर्णय बदलणार नाही, म्हणून लेखापरीक्षक तिथे थांबतो.

इथे मानक काय सांगते ते महत्त्वाचे आहे. लक्षणीय दुरुस्ती लागेल असे सूचित करणारे काही समोर आले, तर लेखापरीक्षकाला फक्त प्रश्नांवर थांबता येत नाही. त्याने आणखी चौकशी करायची, गरज पडेल तिथे कागद उघडायचे. आपल्या उदाहरणात व्यवस्थापनाने दुरुस्ती मान्य केली तर करपूर्व नफा ७.८ कोटींवर येतो आणि अहवाल निर्दोष जातो. दुरुस्ती मान्य केली नाही, तर लेखापरीक्षकाला निष्कर्षाला ‘वगळता’ हा शब्द जोडावा लागतो आणि १.८ कोटींचा मुद्दा अहवालात लिहावा लागतो. असा शब्द टाळण्यासाठी बहुतेक कंपन्या आकडा दुरुस्त करतात. त्यामुळे रिव्ह्यूने पकडलेल्या बहुतेक चुका बाहेरच्या माणसाला कधीच दिसत नाहीत. त्या मसुद्यातच मिटतात.

आता या कामाची मर्यादा पाहा. एवढी चौकशी झाली, तरी चमूतल्या कुणीही गोदामातला एकही भाग मोजलेला नाही. समजा त्या साठ्यात ५ कोटींचा माल मुळात अस्तित्वातच नाही, आणि तो दर तिमाहीला थोडा थोडा वाढवून कागदावर आणला आहे. मग मालखर्चाचे प्रमाण हळूहळू सरकते, एकदम उडी घेत नाही, आणि विश्लेषणाची घंटा वाजत नाही. विश्लेषण आकड्यांची आकड्यांशी तुलना करते. सगळे आकडे एकमेकांशी जुळवून खोटे लिहिले असतील तर ते गप्प बसते. ३१ मार्चच्या मोजणीतच असा माल सापडण्याची खरी शक्यता असते.

दुसरी नेहमीची पळवाट म्हणजे ‘ते वर्षअखेरीस पाहू’. पडून राहिलेल्या मालाचे मूल्य कमी करणे, बुडीत येण्यांची तरतूद, बोनसचा भार, असे खर्च मार्चपर्यंत ढकलायचा मोह व्यवस्थापनाला होतो. मधल्या काळाच्या अहवालांसाठीचे इंड एएस ३४ हे मानक ही मुभा देत नाही. माल जुलैमध्ये निरुपयोगी झाला असेल तर तोटा सप्टेंबर तिमाहीतच दाखवावा लागतो. करासाठी मात्र ते वर्षभराच्या अपेक्षित सरासरी दराचा आधार घ्यायला सांगते. जुन्या मालाची यादी मागून तिच्यासमोरची तरतूद शून्य का, एवढा एक प्रश्न विचारणारा लेखापरीक्षक या पळवाटेचे दार बरेचसे बंद करतो.

चौथी तिमाही : उरलेला आकडा

मार्च तिमाहीचे निकाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ती तिमाही सहसा स्वतंत्रपणे कुणी तपासलेली नसते. वर्षाचे ऑडिट होते आणि त्यातून पहिल्या नऊ महिन्यांचे प्रसिद्ध आकडे वजा केले जातात. जे उरते ते चौथ्या तिमाहीचे म्हणून छापले जाते. निकालाखालच्या टिपेत हे आकडे शिल्लक पद्धतीने काढल्याचे सांगितलेले असते.

याचा परिणाम असा की पहिल्या तीन तिमाहींत निसटलेली प्रत्येक चूक मार्चमध्ये येऊन पडते. आपल्या चाकणच्या कंपनीने नऊ महिन्यांत २७ कोटी नफा दाखवला आणि मार्चच्या मोजणीत तो ५ कोटींचा माल सापडला नाही असे धरू. मार्च तिमाहीने खरोखर ८ कोटी कमावले असले तरी छापील नफा ३ कोटीच दिसेल. तिमाही वाईट गेली असे बाजाराला वाटेल. वास्तवात आधीच्या तिमाही होत्या त्याहून चांगल्या दाखवल्या गेल्या होत्या. म्हणूनच सेबीचा नियम सांगतो की आधीच्या काळाशी संबंधित लक्षणीय दुरुस्त्या शेवटच्या तिमाहीत केल्या असतील, तर त्यांचा एकूण परिणाम टिपेत द्यावा. मार्चचा निकाल उघडला की नफ्याच्या आधी ही टीप शोधावी.

इंडसइंड बँकेचे २०२५ मधले प्रकरण याच संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. बँकेने १० मार्च २०२५ रोजी जाहीर केले की डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबातल्या विसंगतींचा परिणाम डिसेंबर २०२४ च्या निव्वळ मालमत्तेच्या सुमारे २.३५ टक्के होईल. पुढे मे महिन्यात बँकेने सांगितले की सूक्ष्मवित्त व्यवसायात २०२४-२५ च्या तीन तिमाहींत ६७४ कोटी रुपये चुकीने व्याज म्हणून नोंदले गेले होते आणि १० जानेवारी २०२५ पर्यंत ते पूर्ण उलटवले गेले. मार्च तिमाहीत बँकेला एकत्रित पातळीवर २,३२९ कोटींचा तोटा झाला.

यातून दोन वेगळे धडे निघतात. व्याजाच्या चुकीच्या नोंदी ज्या तिमाहींत झाल्या, त्यांचे निकाल इतर नोंदणीकृत बँकांप्रमाणे लिमिटेड रिव्ह्यूनंतरच प्रसिद्ध झाले होते. उत्पन्नाची प्रत्येक नोंद उघडून पाहणे हे रिव्ह्यूचे कामच नसते, त्यामुळे अशी चूक त्याच्या जाळीतून जाऊ शकते. डेरिव्हेटिव्हची विसंगती मात्र मागच्या वर्षांत साचलेली होती, म्हणजे वार्षिक ऑडिट होऊनही ती उरली. सत्यमचा अनुभव तर याहून जुना आहे. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केले की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातील रोख व बँक शिल्लक ५,३६१ कोटी दाखवली होती आणि तिच्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेचा दाखला स्वतंत्रपणे मागवण्यावर ऑडिटमध्ये एवढा भर का असतो, हे या एका आकड्यातून कळते. आणि वार्षिक ऑडिट पोकळ असेल, तर त्याच्या खांद्यावर उभा असलेला रिव्ह्यूही तितकाच पोकळ राहतो.

समूह कंपन्या आणि राजीनामे

एप्रिल २०१९ पासून उपकंपन्या असलेल्या नोंदणीकृत कंपन्यांना दर तिमाहीला एकत्रित निकालही द्यावे लागतात. त्यातले सगळे आकडे रिव्ह्यू झालेले असतीलच असे नाही. एकत्रित महसूल, मालमत्ता आणि नफा यांपैकी प्रत्येकाचा किमान ८० टक्के भाग ऑडिट किंवा रिव्ह्यू झालेला असावा, असा नियम आहे. उरलेला भाग केवळ व्यवस्थापनाने प्रमाणित केलेला असू शकतो. अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदांत अशा उपकंपन्यांची संख्या आणि त्यांचा महसूल व नफा दिलेला असतो. परदेशातली एखादी उपकंपनी न तपासलेल्या यादीत असूनही नफ्यात मोठी भर घालत असेल, तर तो परिच्छेद दोनदा वाचावा.

आणखी एक खूण म्हणजे वर्षाच्या मध्येच लेखापरीक्षकाने सोडून जाणे. तो गेला की रिव्ह्यूला आधार देणारी जुनी जाणकारी गेली. सेबीने १८ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाने यावर बंधन घातले. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत राजीनामा दिला तर त्या तिमाहीचा अहवाल देऊनच जावे लागते. ४५ दिवसांनंतर दिला तर पुढच्या तिमाहीचाही. पहिल्या तीन तिमाहींवर सही केली असेल तर चौथी तिमाही आणि वर्षाचे ऑडिट पूर्ण करावे लागते. माहिती मिळत नाही म्हणून तो जात असेल तर ते कारण ऑडिट समितीसमोर यावे, अशी यामागची अपेक्षा आहे.

पत्र कसे वाचावे

रिव्ह्यूचे पत्र वाचायला पाच मिनिटे पुरतात. आधी निष्कर्षाचा परिच्छेद पाहावा. तिथे ‘वगळता’ असा शब्द असेल तर त्याच्या वरचा आधाराचा परिच्छेद वाचावा आणि तिथली रक्कम नफ्याशी ताडून पाहावी. निष्कर्ष देता येत नाही किंवा निष्कर्ष प्रतिकूल आहे असे लिहिले असेल तर त्या निकालाचा आकडा वापरू नये. त्यानंतर व्यवसाय चालू राहण्याबद्दल लक्षणीय अनिश्चितता नोंदवली आहे का आणि कोणत्या टिपेकडे लक्ष वेधले आहे ते पाहावे. शेवटी, काय तपासले गेले नाही याचा परिच्छेद. हीच पत्रे सलग चार तिमाहींची शेजारी ठेवून वाचली तर नवा शब्द कुठे शिरला ते लगेच दिसते.

माझे मत स्पष्ट आहे. लिमिटेड रिव्ह्यू निरुपयोगी मुळीच नाही. ज्याने मागचे ऑडिट मनापासून केले आहे, त्याने विचारलेले दहा नेमके प्रश्न मसुद्यातल्या पुष्कळ चुका दुरुस्त करून घेतात, आणि तेही पंचेचाळीस दिवसांत. पण संगनमताने लपवलेली गोष्ट शोधण्यासाठी हे साधन बनवलेले नाही, आणि ते तसे भासवणे वाचकावर अन्याय आहे. जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या नफ्याला ३१ मार्चचे ऑडिट होईपर्यंत तात्पुरता आकडा मानावे. ऑडिटच्या अहवालात लेखापरीक्षक कंपनीच्या आकड्यांबद्दल सांगतो, रिव्ह्यूच्या पत्रात तो मुख्यतः आपल्या लक्षात काय आले एवढेच सांगतो. गुंतवणूक करण्यापूर्वी हातातला कागद या दोहोंपैकी कोणता आहे, ते आधी पाहा.